दीडशे शब्दांत सत्यशोधक समाज

'सत्यशोधक चळवळीची कारणे, वाटचाल आणि परिणाम स्पष्ट करा.' केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत असा प्रश्न दहा गुणांना आला, तर उत्तराला दीडशे शब्दांची मर्यादा असते. तीन तासांत वीस प्रश्न सोडवायचे म्हटले, की या प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम सात मिनिटे येतात. शाळेच्या परीक्षेत शब्द आणखी कमी, पण अडचण तीच. माहिती भरपूर पाठ असते आणि ती कोठे थांबवायची, हेच कळत नाही.

बहुतेक उत्तरे एकाच वाटेने जातात. जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ सालचा, घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा, सावित्रीबाईंवर झालेली शेणफेक, बालहत्या प्रतिबंधक गृह, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद. इथवर शंभर शब्द खर्ची पडलेले असतात आणि सत्यशोधक समाज अजून स्थापनच झालेला नसतो. मग घाईघाईने '१८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्यामुळे समाजात जागृती झाली' असे एक वाक्य येते आणि उत्तर संपते. यातले एकही विधान चुकीचे नाही. मात्र प्रश्न चळवळीचा होता आणि उत्तर चरित्राचे झाले.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे. कच्च्या कागदावर मधोमध २४ सप्टेंबर १८७३ ही तारीख लिहावी. पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली तो हा दिवस. जे त्याआधीचे, ते डावीकडे. जे नंतरचे, ते उजवीकडे. कारण नेहमी डावीकडेच सापडले पाहिजे. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक १८८३ सालचे आहे, तरी ते समाजाच्या स्थापनेचे कारण म्हणून उत्तरांत दिसते. 'गुलामगिरी' मात्र १८७३ साली, समाजाच्या स्थापनेपूर्वी काही महिने प्रसिद्ध झाली, म्हणून ती डावीकडे शोभते. भिडे वाड्यातली शाळाही डावीकडेच येते, पण या उत्तरात ती पार्श्वभूमी आहे. तिला अर्धे वाक्य पुरे.

कारणे लिहिताना आणखी एक घोटाळा होतो, तो कारण आणि उद्दिष्ट यांचा. 'शूद्रातिशूद्रांना पुरोहितांच्या दास्यातून मुक्त करणे' हे समाजाचे उद्दिष्ट होते. कारण म्हणजे ते उद्दिष्ट ज्या परिस्थितीमुळे ठेवावे लागले ती परिस्थिती. गावातल्या कुणब्याच्या घरी बारशापासून श्राद्धापर्यंत कोणताही विधी भटजीवाचून होत नसे. शिवाय गावजोशाचा हक्क वतनी होता. त्याला बोलावले नाही, तरी दक्षिणेवर आपला अधिकार आहे असे तो सांगू शकत असे. हे झाले कारण. त्यात कोण, कोणावर, कशाच्या बळावर हे दिसते. दुसरे कारण अक्षरशत्रुत्वाचे. जमिनीचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती आणि शेतकऱ्याला वाचता येत नाही, म्हणून कागदावर काय लिहिले आहे ते त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच कळायचे. तिसरे कारण संस्थांचे. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज आणि पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा उभी राहिली होती, पण दोन्हींचा पाया मुख्यतः शहरातल्या सुशिक्षित उच्चवर्णीयांत होता. शेतकरी आणि कारागीर जाती त्यांच्या कक्षेबाहेरच राहिल्या.

आता घटना. इथे सगळी सनावळी ओतण्याचा मोह होतो. निवडीची कसोटी एकच: ही घटना वर लिहिलेल्या कोणत्या कारणाला उत्तर देते? २५ डिसेंबर १८७३ रोजी, म्हणजे स्थापनेनंतर अवघ्या तीन महिन्यांत, सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा विवाह पुरोहितावाचून लागला. हे पहिल्या कारणाला दिलेले थेट उत्तर होते, म्हणून ते घ्यायचे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' हे वृत्तपत्र सुरू केले, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवले. १८८२ साली फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. ही दोन्ही उत्तरे दुसऱ्या कारणाची. समाजाचे सभासदत्व सर्व जातींना खुले होते, ते तिसऱ्या कारणाचे. बाकीचे काही गाळले तरी चालते. ज्या घटनेला डावीकडे जोडीदार नाही, ती उत्तराच्या ओघात अडसर ठरते.

परिणामांच्या भागात तर्क सर्वांत जास्त ढिला पडतो. नंतर घडले म्हणजे त्यामुळे घडले, असे गृहीत धरले जाते. तसे नसते हे ओतूरच्या खटल्यावरून चांगले समजते. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, गावजोशाला न बोलावता लावले. जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९० साली निकाल पाटलांच्या बाजूने लागला. भटजीला बोलावलेच नाही, तर त्याला दक्षिणा देण्याची सक्ती करता येत नाही, असा त्याचा अर्थ झाला. इथे सगळे दुवे हाताला लागतात: वतनी हक्काचे कारण, पुरोहिताविना विवाहाची घटना आणि तो हक्क नाकारणारा निकाल. दीडशे शब्दांच्या उत्तरात असा एक परिणाम 'जनजागृती झाली' या वाक्याच्या कितीतरी पट काम करतो.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. अनेक उत्तरांत तो सत्यशोधक समाजाचा परिणाम म्हणून सरळ लिहिला जातो. पण कोल्हापुरात समाजाची शाखा स्थापन झाली १९११ साली, हुकुमानंतर नऊ वर्षांनी. शिवाय हुकुमामागे वेदोक्त प्रकरणाचा ताजा अनुभव होता. म्हणून इथे 'समाजामुळे आरक्षण आले' असे लिहिणे धोक्याचे. 'शाहू महाराजांनी पुढे या चळवळीला राजाश्रय दिला' एवढेच म्हणणे निर्धास्त. रयत शिक्षण संस्थेचे तसे नाही. भाऊराव पाटील स्वतः सत्यशोधक कार्यकर्ते होते आणि संस्थेची स्थापना १९१९ साली कराडजवळच्या काले गावी झाली. अक्षरशत्रुत्वाच्या कारणापासून निघालेला धागा तिथे नीट पोहोचतो.

परिणामांत मर्यादेचेही एक वाक्य हवे, आणि तेही नेमके. १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर पक्षाच्या राजकारणाने चळवळीचे सामाजिक काम मागे पडले आणि १९३० नंतर केशवराव जेध्यांसारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले. 'चळवळीला मर्यादित यश मिळाले' असे मोघम लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य परीक्षकाला अधिक सांगते.

एवढे हाती आले, की उत्तर असे बांधता येते:

'एकोणिसाव्या शतकात ग्रामीण महाराष्ट्रात धार्मिक विधींवर पुरोहितांची वतनी मक्तेदारी होती आणि निरक्षरतेमुळे शेतकरी कागदपत्रांसाठी इतरांवर अवलंबून होता. प्रार्थना समाजासारख्या संस्था शहरी उच्चवर्णीयांपुरत्या राहिल्या. "गुलामगिरी"तून या दास्याची मीमांसा करून जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला.

समाजाचे सभासदत्व सर्व जातींना खुले होते. डिसेंबर १८७३ मध्ये पुरोहिताविना पहिला विवाह लावून मक्तेदारीला आव्हान दिले गेले. "दीनबंधु" (१८७७) या पत्रातून विचार पसरले. हंटर आयोगापुढे (१८८२) फुले यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली.

ओतूर खटल्यात (१८९०) उच्च न्यायालयाने पुरोहिताच्या सक्तीच्या दक्षिणेचा दावा फेटाळला. पुढे शाहू महाराजांनी चळवळीला राजाश्रय दिला. सत्यशोधक भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून शिक्षण खेड्यांत नेले. मात्र १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर राजकारणापुढे चळवळीचे सामाजिक कार्य मागे पडले.'

या उत्तरात तीन परिच्छेद आहेत. पहिल्यातले पुरोहिताचे वाक्य दुसऱ्यातल्या विवाहाला आणि तिसऱ्यातल्या निकालाला जोडलेले आहे, तर निरक्षरतेचे वाक्य दीनबंधु आणि हंटर आयोगावरून रयत शिक्षण संस्थेपर्यंत जाते. भिडे वाडा, हौद आणि बालहत्या प्रतिबंधक गृह यांना इथे जागा मिळाली नाही. प्रश्न 'फुले यांच्या सामाजिक कार्याचा आढावा घ्या' असा असता, तर तिघांनाही मिळाली असती.

प्रश्नाची शब्दरचना बदलली, की परिच्छेदांची लांबीही बदलावी लागते. 'सत्यशोधक समाजाची स्थापना का झाली?' असे विचारले, तर पहिला परिच्छेद अर्ध्याहून अधिक जागा घेतो. त्यात दूरची कारणे आणि स्थापनेच्या तोंडावरचे कारण वेगळे करून सांगता येते. वतनी हक्क आणि निरक्षरता ही जुनी दुखणी. १८७३ साली त्यांना वाचा फुटली, कारण विचार पुस्तकात मांडून झाला होता आणि तो चालवायला संघटना हवी होती. 'परिणाम तपासा' म्हटले असेल, तर कारणे एका वाक्यात उरकून ओतूर, कोल्हापूर आणि काले यांना जागा द्यावी, शेवटी मर्यादा मांडावी. 'तपासा' या क्रियापदात मर्यादाही अपेक्षित असते.

उत्तर लिहून झाल्यावर शेवटच्या अर्ध्या मिनिटात एक पडताळणी करावी. प्रत्येक वाक्यातले 'सत्यशोधक समाज' हे शब्द बोटाने झाकून तिथे 'प्रार्थना समाज' वाचावे. वाक्य तसेही खरे वाटले, तर ते कोणत्याही चळवळीच्या उत्तरात खपले असते आणि म्हणून खोडण्यासारखे आहे. 'समाजात जागृती झाली' हे वाक्य या पडताळणीत टिकत नाही. ओतूरच्या पाटलांनी जिंकलेला खटला टिकतो.