मगरीचं तोंड कुणीकडे?

पहिलीतल्या एका मुलीच्या पाटीवर ३ आणि ७ लिहिले होते. मधल्या जागेत तिने < काढलं, आत बारीक दातही रंगवले. चिन्ह अगदी बरोबर होतं. ‘आता वाचून दाखव,’ म्हटल्यावर ती म्हणाली, “मगर सातला खाते.”

भुकेल्या मगरीची गोष्ट मुलांना एका तासात कळते. मगर हावरट असते, म्हणून जिकडे खाऊ जास्त तिकडे ती तोंड उघडते. पण जास्त कुठे आहे, हे मुलाला आधीच कळलेलं असावं लागतं, ते मगर सांगत नाही. तीन मोठे आंबे आणि पाच चिंचोके समोर ठेवा, बरीच मुलं मगर आंब्यांकडे वळवतात. म्हणून आधी जोड्या लावायच्या: एका आंब्यासमोर एक चिंचोका. दोन चिंचोके एकटे उरले, म्हणजे चिंचोके जास्त.

दोन अंकी संख्यांत २९ आणि ३१ ची जोडी हमखास फसवते. नऊ दिसतो मोठा, आणि ‘एकोणतीस’ म्हणताना कानावर ‘तीस’च येतं. इथे दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्यात. एकीकडे दोन जुड्या आणि नऊ सुट्या, दुसरीकडे तीन जुड्या आणि एक सुटी. नऊ सुट्या काड्यांची अजून एक जुडीही होत नाही, हे मूल स्वतः बांधू पाहतं तेव्हा त्याला पटतं.

मगरीला निरोप देण्यासाठी मला दोन काड्यांचा खेळ आवडतो. डावीकडे दोन ठोकळ्यांचा मनोरा, उजवीकडे पाचांचा. एक काडी दोन्ही मनोऱ्यांच्या माथ्यांवर टेकवायची, दुसरी त्यांच्या पायथ्याशी आडवी ठेवायची. काड्या पाचाकडे फाकतात, दोनाकडे जवळ येतात: <. मनोरे सारखे असतील तर काड्या समांतर राहतात, आणि आपोआप = होतं. रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये बरोबरीसाठी समांतर रेषाच निवडल्या होत्या. < आणि > ही चिन्हं थॉमस हॅरियटच्या १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापलेल्या पुस्तकात आली. त्यांत मगर नव्हती.

चिन्ह काढून झालं की डावीकडून उजवीकडे पूर्ण वाक्य वाचायला लावावं: ‘तीन सातापेक्षा लहान.’ मग संख्यांची जागा बदलून ‘सात तीनापेक्षा मोठा.’ मगर दोन्ही वेळा सातच खाते, पण वाक्यं दोन आहेत. मूल गोष्टीवरच अडकलंय का, ते इथे कळतं.

शेवटी □ < ५ द्यावं. पहिलं उत्तर बहुधा ४ येतं. “अजून कुठला अंक चालेल?” असं विचारत राहावं. ३, २, १ येतात, मग मूल थांबतं. चौकटीत काहीच खाऊ नसेल तर चालेल का, असं विचारलं की थोड्या वेळाने शून्य लिहिलं जातं.