राजा मधे, वजीर शेजारी

वजीर आणि एक जास्तीचं प्यादं हाताशी असूनही डाव बरोबरीत सुटतो, तो बहुधा सततच्या शहामुळे. समोरचा वजीर दर खेळीला शह देत राहतो, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागतो, आणि वजीर होण्यापासून एका घरावर आलेलं प्यादं तिथेच अडकून पडतं.

अशा वेळी राजाला प्याद्याजवळच्या कोपऱ्यात लपवावं, असं सहज वाटतं. पण कडेला राजाला पळायला जागा कमी असते आणि शह द्यायला समोरच्याला मोकळं मैदान मिळतं. १९५४च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपियाडमध्ये बल्गेरियाच्या मिनेव्हविरुद्ध तेव्हाचा जगज्जेता बॉट्विनिक वेगळ्या वाटेने गेला. त्याचं प्यादं जी पट्टीवर होतं, मिनेव्हचा राजा पार दुसऱ्या टोकाला, ए पट्टीवर. बॉट्विनिकने आपला राजा प्याद्यापासून दूर, पटाच्या मध्याकडे, शत्रूच्या राजाच्या दिशेने नेला आणि डाव जिंकला. माझ्या मते या प्रकारच्या डावाबद्दल शिकावं असं सर्वांत मोलाचं तेच आहे.

कारण समजायला एक साधी मांडणी करून पाहा. पांढरा राजा डी५वर, वजीर ई५वर, प्यादं जी७वर. काळा राजा ए६वर आणि त्याचा वजीर डी८वरून शह देतोय. पांढऱ्याने वजीर डी६वर आणून शह अडवायचा. त्याच खेळीत सहाव्या ओळीवरून काळ्या राजालाही शह बसतो! काळ्याने वजीर मारला, तर पांढरा राजा तो परत मारतो आणि प्याद्याला रोखणारं कुणी उरत नाही. काळा राजा बाजूला सरकला, तर डी८वरचा वजीर फुकट जातो. या उलटशहाने शहांची मालिका तिथेच तुटते.

आता काळा राजा ए२वर ठेवा, बाकी सगळं तसंच. वजीर डी६वर आला, तरी या वेळी उलटशह बसत नाही. काळा जी५वरून पुन्हा शह देतो. वजीर ई५वर परतला, की पुन्हा डी८वरून शह. म्हणून बचाव करणाऱ्याने आपला राजा प्याद्यापासून तिरक्या दूरच्या कोपऱ्याकडे न्यावा, शत्रूच्या राजाच्या ओळीत येऊ देऊ नये.

जिंकू पाहणाऱ्याने आपले शहही जपून वापरावेत. शह दिला की समोरच्याला बहुधा राजा हलवावा लागतो, आणि आपला वजीर ई५सारख्या मधल्या घरावर पोचतो. तिथून तो प्यादं सांभाळतो आणि राजासमोर येऊन शहही अडवतो. राजा हलवण्याआधी प्रत्येक वेळी पाहावं: पुढचा शह कुठून येईल, आणि तो अडवताना आपला शह बसेल का? बसत नसेल, तर आधी शह देत समोरच्या राजाला अडचणीच्या ओळीत ढकलावं, मगच प्यादं पुढे सरकवावं. घाईने प्यादं ढकललं, की बहुतेकदा हातचा विजय जातो.