तान्ह्या बाळाचा गळा वाजतो तेव्हा

बाळ पंधरावीस दिवसांचे होते न होते तोच श्वास घेताना त्याच्या गळ्यातून कूंऽऽ कूंऽऽ किंवा घर्र घर्र असा आवाज येऊ लागतो. घरातले घाबरतात. कुणी म्हणते कफ साठला, कुणी छातीला तेल चोळते, कुठे कुठे तर अजून पोटावर डागण्या देतात. हा आवाज बहुतेक वेळा कफाचा नसतोच. त्यामुळे डागण्यांनी मूल भाजते आणि आवाज तसाच राहतो.

आवाज कशाने येतो ते पाहू. सायकलची जुनी, मऊ पडलेली व्हॉल्व्ह ट्यूब तोंडात धरून हवा ओढा. नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. फुंका, की नळी उघडते. काही बाळांच्या स्वरयंत्राचा वरचा भाग असाच लुसलुशीत असतो. श्वास आत घेताना तो आत ओढला जातो आणि वाजतो, बाहेर सोडताना वाजत नाही. तान्ह्या मुलांत गळा वाजण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच.

म्हणून पहिली परीक्षा कानाची. आधी नाक साफ आहे ना ते पाहा. नाक चोंदूनही घुरघुर होते. मग बाळ शांत असताना पोटावर अलगद तळवा ठेवा. पोट वर येते तो श्वास आत जाण्याचा क्षण. आवाज तेवढ्यातच येतो का? बाळ उताणे असताना, रडताना, पिताना तो वाढतो आणि उभे धरल्यावर कमी होतो का? रडणे खणखणीत आहे का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले, तर मऊ स्वरयंत्राचा संशय धरावा. उलट, आवाज आत-बाहेर दोन्ही वेळा येत असेल, तर अडथळा बहुधा स्वरयंत्राच्या खाली किंवा पक्का असतो. रडणे घोगरे किंवा क्षीण असेल, तर स्वरतंतूंची हालचाल बिघडलेली असू शकते. अशा बाळांना तज्ज्ञाकडे न्यावेच.

आता समजा, दोन बाळे आहेत. जन्मवजन दोघांचेही 2.8 किलो, आणि तिसऱ्या आठवड्यापासून दोघांचाही गळा वाजतो. दोन महिन्यांनी पहिले 4.4 किलोचे झाले आहे, अंगावर नीट पिते, हसते. दुसऱ्याचा आवाज पहिल्यापेक्षा बारीकच आहे हो, पण वजन जेमतेम 3.3 किलो. ते दोन घोट पिऊन थांबते, ठसकते, आणि दर श्वासाला गळ्याखालची खळगी आत जाते. शेजारीण पहिल्याचीच काळजी करील. वास्तविक तातडी दुसऱ्याला आहे! सगळी ताकद श्वासातच खर्च होते, म्हणून अंगी लागत नाही. आवाजाच्या मोठेपणावरून आजार मोजू नये. श्वासाचे कष्ट वाढत असता आवाज बारीक होणे हे तर वाईट लक्षण आहे.

पहिल्या बाळालाही डॉक्टरांना एकदा दाखवावे. दर महिन्याला वजन करावे, पाजल्यावर अर्धा तास उभे धरावे. आवाज सहाव्या-आठव्या महिन्यापर्यंत वाढतो, याने धीर सोडू नये. दीड-दोन वर्षांत तो बहुधा आपोआप जातो. पालथे बरे वाटते म्हणून रात्री मात्र पालथे निजवू नये. झोपेत गुदमरण्याचा धोका असतो, उताणेच निजवावे.

दुसऱ्या बाळाला त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात न्यावे. तेथे नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घालून स्वरयंत्र हलताना पाहतात. बहुधा भूल लागत नाही. थोड्या मुलांना शस्त्रक्रिया करून वरचा सैल भाग मोकळा करावा लागतो.

आवाज केव्हा सुरू झाला, हेही नीट सांगा. जन्मल्या क्षणापासून असेल, किंवा बाळाला श्वासाची नळी घालून यंत्रावर ठेवले असेल, तर घसा तपासायलाच हवा. पहिला महिना निवांत गेला, मग आवाज सुरू होऊन दिवसेंदिवस वाढला आणि हनुवटीवर किंवा मानेवर लालभडक उंचवटा दिसला, तर तसाच रक्तवाहिन्यांचा गोळा श्वासनलिकेतही असू शकतो. तो वाढू देऊ नये. त्याला आता प्रोप्रॅनोलॉल नावाचे औषध चांगले लागू पडते, पण ते रुग्णालयाच्या देखरेखीखालीच द्यायचे.

आणि काही वेळा आठवडा काय, तासही थांबू नये. ओठ निळे पडले, श्वास मध्येच थांबला, बरगड्यांखाली छाती खोल ओढली जाऊ लागली, बाळ पिईनासे किंवा मलूल झाले, ताप येऊन स्वस्थ पडलेले असतानाही गळा वाजू लागला, किंवा रांगत्या मुलाचा गळा खेळता खेळता एकदम वाजू लागला (तेथे शेंगदाणा-चिंचोका अडकल्याचा संशय घ्यावा), तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घशात आंधळेपणाने बोट घालू नये. वाटेत बाळाला आईच्या मांडीवर, त्याला सोसेल तसे, उभे धरून न्यावे आणि रडवू नये.