पंधरा कोटींचा बदल लाखभर आकड्यांत

जीपीटी-३ हे भाषेचे मॉडेल म्हणजे १७,५०० कोटी आकड्यांचा साठा. या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात. मॉडेलला एखादे खास काम शिकवायचे, उदाहरणार्थ साध्या प्रश्नावरून डेटाबेसची क्वेरी लिहायला, तर नेहमीच्या पद्धतीत हे सगळेच आकडे थोडेथोडे हलवावे लागतात. ही पद्धत महाग का पडते, हे आधी पाहू.

जो आकडा बदलायचा, त्याची नोंदवही ठेवावी लागते. तो कोणत्या दिशेला आणि किती हलवायचा हे एका आकड्यात साठवतात. ‘ॲडम’ ही प्रचलित पद्धत त्याशिवाय आधीच्या हालचालींच्या दोन सरासऱ्या जपते. म्हणजे शिकणाऱ्या प्रत्येक आकड्यामागे आणखी तीन आकडे ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत बसतात. म्हणूनच ३५० जीबीच्या जीपीटी-३ला असे शिकवायला सुमारे १.२ टीबी मेमरी लागत होती.

२०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील एडवर्ड हू आणि सहकाऱ्यांनी ‘लोरा’ ही पद्धत मांडली. मूळ आकडे गोठवून ठेवायचे आणि फक्त त्यांच्यात करायचा बदल शिकायचा. पण बदलाचा तक्ताही मूळ तक्त्याएवढाच मोठा असणार. मग बचत कुठून होते?

शाळेतला पाढ्यांचा तक्ता आठवा. दहा ओळी, दहा रकाने, एकूण शंभर घरे. पण डावीकडचे दहा आणि वरचे दहा आकडे माहीत असले, की शंभरही घरे गुणाकाराने भरता येतात. वीस आकड्यांत पूर्ण तक्ता मावतो. अशा तक्त्याची रँक एक असते. अशा चार तक्त्यांची बेरीज केली तर रँक फार तर चार होते आणि ती ऐंशी आकड्यांत मावते. शंभर घरांच्या तक्त्यात हा फायदा किरकोळ आहे, पण तक्ता जितका मोठा, तितका तो झपाट्याने वाढतो.

जीपीटी-३ मधला एक तक्ता १२,२८८ ओळी आणि तितक्याच रकान्यांचा आहे. घरे झाली सुमारे १५ कोटी १० लाख. रँक चार ठेवली, तर उभ्या चार पट्ट्या आणि आडव्या चार पट्ट्या पुरतात, म्हणजे ९८,३०४ आकडे. मॉडेलचे ९६ थर आहेत. प्रत्येक थरातल्या, संदर्भ जुळवणाऱ्या भागातले दोनच तक्ते असे हाताळले, तर शिकायचे आकडे होतात सुमारे १ कोटी ८९ लाख. एकूण पॅरामीटरांच्या जवळपास दहा हजारावा भाग. मेमरीची गरज १.२ टीबीवरून ३५० जीबीवर आली आणि शिकलेला बदल ३५ एमबीच्या फाइलमध्ये मावला.

सुरुवातीला पट्ट्यांच्या एका संचात यादृच्छिक आकडे आणि दुसऱ्यात सगळीकडे शून्य भरतात. गुणाकार शून्य येतो, म्हणून पहिल्या क्षणी मॉडेल जसे होते तसेच वागते. शिकणे संपले की पट्ट्यांचा गुणाकार मूळ तक्त्यात मिळवून टाकता येतो. त्यामुळे उत्तर द्यायला जास्त वेळ लागत नाही.

इतक्या थोड्या आकड्यांत काम कसे भागते? भाषेचे ज्ञान मॉडेलकडे आधीपासून असते. नव्या कामासाठी त्याला थोड्याच दिशांनी वळवावे लागते. हू यांच्या प्रयोगात क्वेरी लिहिण्याच्या कामावर रँक चारवरून चौसष्टवर नेली, तरी अचूकता वाढली नाही. त्या कामाला लागणारा बदल खरोखरच कमी रँकचा होता.

प्रत्येक काम मात्र असे नसते. मोठ्या प्रमाणावर प्रोग्रॅमिंग किंवा गणित नव्याने शिकवायचे असेल, तर २०२४च्या एका तुलनेत नेहमीच्या रँकची लोरा पूर्ण प्रशिक्षणाच्या मागे पडली. मात्र जुने ज्ञान तिने कमी विसरले. आणखी एक मर्यादा वेळेची. आकडे गोठवले तरी गणित संपूर्ण मॉडेलमधूनच जाते. म्हणून मेमरी खूप वाचली, तरी जीपीटी-३वर प्रशिक्षणाचा वेग सुमारे २५ टक्केच वाढला.

रँक अपुरी आहे हे ओळखायची खूण साधी आहे: सरावासाठी दिलेल्या उदाहरणांवरच चूक एका पातळीच्या खाली उतरत नाही. तेव्हा रँक दुप्पट करून पाहावी. चूक घटली, तर पट्ट्या कमी पडत होत्या. घटली नाही, तर रँक वाढवत बसण्याआधी उदाहरणे आणि शिकण्याचा वेग तपासावा.