धड्याच्या शेवटी लिहावयाचे मुद्दे

परीक्षा जवळ आली की आपल्या घरांतून मुद्द्यांच्या वह्या निघतात. आमच्यापैकी काहीजण संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात, त्यामुळे अशा पुष्कळ वह्या आमच्या पाहण्यात आल्या. त्यांतील बहुतेक वह्यांत मुद्दे नसून धड्यातील ठळक अक्षरांतली वाक्ये उतरवलेली असतात. मुद्दे कसे काढावेत हे भूगोलातील पृथ्वीच्या गतींच्या धड्यावरून सांगणे आम्हांस सोयीचे वाटते, कारण हा धडा आपल्या उज्जैनच्या अंगणातलाच आहे.

एका वहीत मुद्दा होता : 'सूर्याभोवती फिरण्यामुळे ऋतू होतात.' वाक्य छोटे आहे, पाठ होण्यासारखे आहे, पण अर्धेच आहे. पृथ्वीचा अक्ष कक्षेच्या पातळीवर सरळ उभा असता, तर ती वर्षभर सूर्याभोवती फिरूनही ऋतू झाले नसते. अक्ष कललेला आहे आणि त्याचा कल वर्षभर एकाच दिशेस राहतो, म्हणून कधी उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, तर कधी दक्षिण. मुद्दा लहान करताना नेमके हे कारणच गळाले. मग मूल ती जागा आपल्या कल्पनेने भरते आणि 'पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा' असे लिहून येते. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, आणि तेव्हा आपण येथे शाली पांघरून बसलेले असतो.

म्हणून मुद्दे वाक्यांवरून न काढता प्रश्नांवरून काढावेत. धडा एकदा सलग वाचावा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी, तो परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते पेन्सिलीने लिहावे. दोन परिच्छेदांचा प्रश्न एकच निघाला तर ते एकत्र करावेत. ज्याला प्रश्नच सुचत नाही तो परिच्छेद बहुधा उदाहरणाचा असतो, तो सोडून द्यावा. मग पुस्तक मिटून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहावे आणि शेवटी पुस्तक उघडून आकडे व अटी तपासाव्यात. पुस्तक मिटण्याची पायरी मुलांस नकोशी असते, पण ती गाळली की पुन्हा नक्कलच होते.

या धड्याचे आमचे मुद्दे पाचच झाले. पृथ्वी स्वतःभोवती सुमारे २४ तासांत एकदा फिरते, त्यामुळे दिवस व रात्र होतात. सूर्याभोवतीच्या एका फेरीस सुमारे ३६५ दिवस ६ तास लागतात. हे जादा तास चार वर्षांत एक दिवसाइतके होतात, म्हणून लीप वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा. अक्ष कक्षेच्या पातळीशी ६६½ अंशांचा कोन करतो आणि असा कललेला राहून पृथ्वी फिरते, म्हणून ऋतू होतात. २१ जूनच्या सुमारास सूर्य दुपारी कर्कवृत्तावर डोक्यावर येतो व उत्तर गोलार्धात सर्वांत मोठा दिवस असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मकरवृत्तावर, आणि येथे दिवस सर्वांत लहान. २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास तो विषुववृत्तावर असतो, तेव्हा सर्वत्र दिवस व रात्र जवळजवळ सारखी असतात.

यांतील 'उत्तर गोलार्धात' हे शब्द मुले प्रथम कापतात. ते कापले की मुद्दा खोटा होतो, कारण त्याच दिवशी दक्षिणेकडे सर्वांत लहान दिवस असतो. उज्जैन कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे, त्यामुळे जूनच्या त्या दिवसांत आपल्या वेधशाळेतील शंकूची सावली मध्यान्ही जवळजवळ नाहीशी होते. मुलांस ती अवश्य दाखवावी, मात्र मुद्द्यांत लिहू नये. परीक्षेत सावली विचारीत नाहीत.

आपल्या मुलांपुरती आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रातील पुस्तकांत स्वतःभोवती फिरण्यास परिवलन आणि सूर्याभोवती फिरण्यास परिभ्रमण म्हणतात. येथील मुले हिंदीतून शिकतात. तेथे पहिल्यास घूर्णन व दुसऱ्यास परिक्रमण म्हणतात, आणि काही हिंदी पुस्तकांत घूर्णनालाच परिभ्रमण म्हटलेले आढळते! घरी आजोबांनी मराठीत समजावले आणि मुलाने तोच शब्द उत्तरात लिहिला, तर बरोबर समजूनही उत्तर चुकते. समजावणे खुशाल मराठीत व्हावे, पण मुद्द्यात शब्द त्याच्या पाठ्यपुस्तकातलाच असावा.

मुद्दे साधले की नाही हे लगेच कळत नाही. पंधरा दिवसांनी फक्त ती वही समोर ठेवून धड्याखालचे प्रश्न सोडवावयास सांगावे. ज्या प्रश्नाशी मूल अडेल, तेथे बहुतेक वेळा 'म्हणून' किंवा 'कोठे' गळालेले सापडते. तेवढाच मुद्दा पुन्हा लिहावा, सगळी वही नव्हे.