जिवाणूच्या गोळ्यातून माणसाचे इन्शुलिन

यवतमाळच्या औषध दुकानात मिळणाऱ्या इन्शुलिनच्या १० मिलिलिटरच्या कुपीवर बहुधा '४० युनिट प्रति मिलिलिटर' असे छापलेले असते. म्हणजे कुपीत एकूण ४०० युनिट. वजनात मोजले तर प्रत्यक्ष इन्शुलिन जेमतेम १४ मिलिग्रॅम, उरलेले जवळजवळ सगळे पाणीच. हे इन्शुलिन आज सूक्ष्मजीवांकडून करून घेतात. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये आणलेले 'वोसुलिन' यीस्टमधून तयार होत असे. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध मात्र ई. कोलाय या जिवाणूतून आले होते, आणि तो मार्ग अधिक चकित करणारा आहे.

माणसाच्या प्रोइन्शुलिनचे जनुक प्लास्मिड या वर्तुळाकार डीएनएत बसवतात. जनुकाच्या आधी एक प्रमोटर असतो. टाकीत जिवाणूंची दाटी झाली की ठरावीक रसायन घालून तो चालू करायचा. मग जिवाणू इतक्या वेगाने प्रोइन्शुलिन बनवतो की त्याला घडी पडायला सवडच मिळत नाही. शिवाय पेशीच्या आतल्या वातावरणात गंधकाचे बंध टिकत नाहीत. परिणामी हे प्रथिन एकमेकांना चिकटून घट्ट गोळा होते. त्यालाच इन्क्लूजन बॉडी म्हणतात. फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या टोकाशी ती चमकताना दिसते.

या गोळ्याला निकामी माल समजणे चूक ठरेल. सुट्या प्रोइन्शुलिनचे पेशीतली विकरे लगेच तुकडे करतात, गोळ्यात ते सुरक्षित राहते. पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की जड गोळे तळाशी बसतात, आणि शुद्धीकरणाचे निम्मे काम तिथेच होते.

खरी कसोटी पुढे आहे. गोळा ८ मोलर युरियात विरघळवून साखळी पूर्ण उलगडायची, मग युरिया कमी करत तिला नव्याने घडी पडू द्यायची. तिच्यात सहा सिस्टीन आहेत. त्यांच्या तीन जोड्या १५ प्रकारे जुळू शकतात, पण चालते ती एकच जुळणी. म्हणून द्रावण फार पातळ ठेवतात. ते दाट झाले तर शेजारच्या रेणूंचे सिस्टीन एकमेकांत अडकतात, द्रावण गढुळते आणि माल वाया जातो. कारखान्यांना मोठमोठ्या टाक्या लागतात त्या याचमुळे.

घडी नीट बसली की ट्रिप्सिन आणि कार्बोक्सिपेप्टिडेज बी ही विकरे मधला सी-पेप्टाइड काढून टाकतात. इथेही वेळेवर लक्ष हवे. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिले तर बी साखळीच्या टोकाचे थ्रिओनिनही छाटले जाते. असा रेणू डोळ्यांना दिसत नाही, पण एचपीएलसीच्या आलेखात मुख्य शिखराच्या शेजारी त्याचे छोटे शिखर उमटते. क्रोमॅटोग्राफीने ही अशुद्धी वेगळी काढून शेवटी जस्ताच्या साहाय्याने इन्शुलिनचे स्फटिक पाडतात.