चावी घेण्याआधी यादी

आपल्या गटांमधल्या कितीतरी जणींच्या मुली आता नोकरीसाठी पुण्याला राहतात. तिघी-चौघी मिळून सामानासकट फ्लॅट भाड्यानं घेतात. पलंग, गादी, फ्रीज, गीझर सगळं घरमालकाचं. मुलीला काही विकत घ्यावं लागत नाही म्हणून आपल्यालाही बरं वाटतं. पण घर सोडताना त्याच सामानावरून डिपॉझिट अडकतं. आज त्याविषयी बोलू.

आपल्याच एका ताईंच्या मुलीची गोष्ट सांगते. हडपसरला तिघी मैत्रिणी अकरा महिने राहिल्या. डिपॉझिट होतं ६० हजार. घर सोडताना मालकांनी ३१ हजारांचा हिशेब पुढे ठेवला. नव्या फ्रीजचे २२ हजार, नव्या गीझरचे ६ हजार आणि पलंगाचं प्लायवूड फुगलं म्हणून ३ हजार. ताईंनी वीस हजार गटातून कर्ज काढून भरले होते. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या.

मी म्हटलं, "ताई, आधी करार दाखवा." करार रीतसर नोंदवलेला होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं असा करार लेखी करून नोंदवायला लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. इथे मात्र नोंदणी झाली होती आणि शेवटी सामानाची यादीही होती. ती अशी: पंखे ३, पलंग २, फ्रीज १, गीझर १. वर एक ओळ, 'सर्व वस्तू चांगल्या व चालू स्थितीत मिळाल्या.' खाली तिघींच्या सह्या.

गोम इथेच होती. यादीत संख्या होती, अवस्था नव्हती. फ्रीज सहा वर्षांचा जुना होता हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पलंगाचा कोपरा आधीच फुगलेला होता, पण मुलींनी तर 'चांगल्या स्थितीत' याखाली सही केली होती.

मग आम्ही एकेक वस्तू घेऊन बसलो. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही वापरानं झिजली, की हयगयीनं मोडली? रोजच्या नीट वापरानं जी झीज होते ती मालकाची. गादी थोडी दबते, पंख्याचा कंडेन्सर जातो, जुन्या यंत्राची मोटार थकते. भाडं घेतलं म्हणजे वापरायलाच दिलं ना? निष्काळजीपणानं किंवा भलत्या वापरानं जे बिघडतं ते भाडेकरूचं.

गीझरचं काय झालं होतं? तिथे बोअरचं पाणी. क्षारांचा थर आतल्या कॉइलवर बसतो आणि कॉइल जळते. मेकॅनिकनं गीझर उघडला तर आत पांढरं-पिवळं कवच. ही झीज झाली, म्हणजे खर्च मालकाचा. पण मुलींनी गीझरमध्ये पाणी नसताना बटण चालू करून कॉइल जाळली असती, तर खर्च त्यांचा. आणि गीझर गळत असताना महिनाभर कळवलं नसतं, तर त्या पाण्यानं भिंतीचं जे नुकसान झालं असतं तेही मुलींच्याच अंगावर आलं असतं. बिघाड आपला नसला तरी तो वेळेवर कळवणं आपलं काम. फोनवर सांगितलं तरी मागून लेखी मेसेज टाकावा, म्हणजे तारीख राहते.

पलंगाचं प्रकरण एका फोटोनं सुटलं. राहायला गेल्या दिवशी मुलीनं आईला खोली दिसावी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले होते. त्यात फुगलेला कोपरा स्पष्ट होता, वर तारीख होती. मालकांनी बघितला आणि ३ हजार सोडले.

राहिला फ्रीज. इथे चूक मुलींची होती. फ्रीजरमध्ये बर्फ साचला, घाई होती, एकीनं सुरीनं खरवडला. फ्रीजरच्या पातळ पत्र्यातूनच गॅसची नळी जाते. भोक पडलं, सूं असा आवाज आला आणि गॅस गेला. मोटार चालत राहिली, पण फ्रीज गार होईना. घाबरून ती गप्प बसली. करारावर सही तिघींची आणि डिपॉझिटही तिघींचं, म्हणून सुरी धरली एकीनं तरी मालक तिघींकडेच मागणार.

पण चूक आपली म्हणून नवा फ्रीज द्यायचा का? नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे भरपाई ही झालेल्या नुकसानीपुरती असते. आधी दुरुस्तीचा खर्च विचारायचा. मेकॅनिकनं भोक बुजवून गॅस भरायचे ३,५०० सांगितले. दुरुस्ती झालीच नसती तरी हिशेब जुन्या फ्रीजचा झाला असता. समजा तो १६ हजारांना घेतला होता आणि त्याचं आयुष्य दोघांनी दहा वर्षं धरलं. सहा वर्षं वापरून झाली, चार उरली. म्हणजे शिल्लक किंमत ६,४००. दुरुस्ती त्याहून स्वस्त पडत होती, म्हणून दुरुस्तीचेच पैसे द्यायचे. मालकांनी थोडी घासाघीस केली, पण मेकॅनिकचा कागद पुढे ठेवल्यावर मानलं. ३१ हजारांऐवजी ३,५०० कापले गेले आणि ५६,५०० परत मिळाले.

आता यादी कशी करायची ते सांगते. करारातल्या संख्येच्या यादीवर थांबू नका. सोबत साध्या कागदावर दुसरी करा. प्रत्येक वस्तूपुढे तिचा आकार, अंदाजे वय, चालू की बंद आणि दिसणारा दोष लिहा. उदाहरणार्थ, 'फ्रीज एक, एकदारी, साधारण सहा वर्षं जुना, चालू, दाराचं रबर खाली सैल.' किंवा 'पलंग, डाव्या पायाशी प्लायवूड फुगलेलं.' पाण्याच्या फिल्टरची कांडी किंवा एसीची सफाई असा ठरावीक खर्च कोणाचा, तेही तिथेच लिहा, कारण भांडणं त्यावरूनही होतात.

लिहिण्याआधी वस्तू चालवून बघा. गीझर पंधरा मिनिटं लावा, वॉशिंग मशीन एकदा फिरवा, कपाटाची कुलपं उघडून पाहा. काही दोष राहायला लागल्यावरच कळतात, म्हणून 'सात दिवसांत सापडलेला दोष यादीत धरावा' अशी एक ओळ घाला. दोन प्रती करा, दोघांच्या सह्या घ्या, फोटो त्याच दिवशी मालकांना पाठवा.

घर सोडताना तीच यादी हातात घेऊन मालकांबरोबर खोली-खोली फिरा. चावी त्यानंतरच द्या. काही कापणार असतील तर दुरुस्तीचं बिल मागा.

आणि ज्या मैत्रिणी गावात शिक्षिकेला नाहीतर नर्सबाईंना सामानासकट खोली देतात, त्यांनीही हीच यादी करावी. तुमचा नवा कोरा मिक्सर 'नवा' म्हणून सहीनिशी लिहिलेला असेल, तर तो जळून परत आल्यावर तो जुनाच होता असं कोणी म्हणणार नाही.